शब्दांची सोबत

मराठी माणसाला थंडी वाजते, भूक लागते, ताप येतो आणि सर्दी होते. या चारहि गोष्टी शरीरालाच होणाऱ्या. तथापि प्रत्येकीनें आपल्यासाठीं निराळें क्रियापद निवडून ठेवलेलें आहे. थंडी कां वाजावी आणि भूक कां वाजूं नये, याचें उत्तर कोणत्याहि व्याकरणांत सांपडावयाचें नाहीं. घरांतील चार वर्षांचें मूल मात्र यांत कधीं चुकत नाहीं. त्याला कोणी ‘थंडी’ हा शब्द सोमवारीं आणि ‘वाजणें’ हें क्रियापद मंगळवारीं शिकविलेलें नसतें. ‘थंडी वाजते’ हा सबंध घास त्याच्या कानांत एकदम गेलेला असतो, आणि तो तसाच तोंडांतून बाहेर पडतो. उलट, प्रौढ वयांत मराठी शिकणारा एखादा परदेशी गृहस्थ ‘थंडी’ आणि ‘होणें’ हे दोन्ही शब्द उत्तम जाणत असूनहि ‘मला थंडी होते’ असें म्हणतो, आणि ऐकणाराला हंसूं येतें.

त्या गृहस्थाची जी स्थिति मराठींत होते, तीच चांगल्या शिकलेल्या मराठी माणसाची इंग्रजींत होते. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो. म्हणून इंग्रजींत तो ‘गिव्ह ॲन एक्झॅमिनेशन’ असें म्हणावयास जातो. इंग्लंडांतील माणसाच्या कानाला मात्र परीक्षा देणारा तो परीक्षक. विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. मराठींत स्वप्न पाहतात अथवा तें पडतें. इंग्रजींत तें ‘हॅव’ करतात. मराठींत खोटें बोलतात, तेव्हां ‘स्पीक अ लाय’ हें सहज ओठांवर येतें. परंतु इंग्रज माणूस लाय ‘टेल’ करतो, बोलत नाहीं. चूक मराठींत करतात, म्हणून ‘डू अ मिस्टेक’. पण मिस्टेकला ‘मेक’ हवें. मराठी चहा कडक असतो, तर इंग्रजी चहा ‘स्ट्राँग’ असतो. त्यास ‘हार्ड’ म्हटल्यास चहा पिणारा गोंधळून कपाकडे पाहील.

या सर्व चुकांचें एक समान लक्षण आहे. त्यांत व्याकरण कोठेंहि मोडलेलें नाहीं, आणि एकटा घेतला तर एकहि शब्द चुकीचा नाहीं. ‘डू’चा अर्थ करणें हा खरा, आणि ‘मिस्टेक’चा अर्थ चूक हाहि खरा. चुकली आहे ती शब्दांची सोबत. प्रत्येक भाषेंत कांहीं शब्दांची एकमेकांशीं गांठ पडलेली असते, आणि ती गांठ दुसऱ्या भाषेंत तशीच असेल असा भरंवसा नसतो. इंग्रजींत या सोबतीला ‘कोलोकेशन’ असें नांव आहे. येथें तिला शब्दांची जुडी म्हटलें तर चालेल. कारण कोथिंबीर जशी काडी काडी मोजून विकत घेत नाहींत, तशी ही जुडीहि सुटी करून शिकावयाची नाहीं.

ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीनें पद्धतशीरपणें मांडणाऱ्यांत हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षकाचें नांव अग्रभागीं येतें. ते १९२२ सालीं जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून टोकियोस गेले, आणि पुढील वर्षीं तेथें इंग्रजी शिकविण्याच्या पद्धतींचें संशोधन करणारी एक संस्था निघाली. जपानी विद्यार्थ्यांची अडचण मराठी विद्यार्थ्यांसारखीच होती. ते शब्दकोश पाठ करीत, व्याकरणाचे नियम घोकीत, आणि तरीहि बोलावयास लागले म्हणजे त्यांचें इंग्रजी कोणा इंग्रजास आपलें वाटत नसे. पामर आणि त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनीं अशा जुड्या वेचून त्यांचें वर्गीकरण केलें, आणि १९३३ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ज्या शब्दसमूहाचा अर्थ अथवा घडण त्याच्या घटकांवरून खात्रीनें जुळवितां येत नाहीं, तो समूह एक अखंड वस्तु म्हणूनच शिकला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. त्याच खटपटींतून पुढें हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीं केलेला इंग्रजी कोश १९४२ सालीं टोकियोंत निघाला. ऑक्सफर्डचा आजचा विद्यार्थी-कोश हा त्याचाच वंशज होय.

जुडी अखंड शिकल्यानें नेमका कोणता लाभ होतो, हें समजण्यासाठीं मनुष्याच्या स्मरणाची एक मर्यादा ध्यानांत घ्यावी लागते. १९४७१८५७१९६० हे बारा आंकडे कोणी एकदांच वाचून दाखविले, तर ते तसेच परत म्हणून दाखविणें बहुतेकांस जमणार नाहीं. पण ज्याच्या ध्यानांत येईल कीं यांत १९४७, १८५७ आणि १९६० हीं तीन प्रसिद्ध वर्षें आहेत, त्याला बाराच्या जागीं तीनच गोष्टी धरून ठेवावयाच्या आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं १९५६ सालीं दाखवून दिलें कीं माणूस एका वेळीं साधारण सात गोष्टी मनांत धरूं शकतो, आणि ती गोष्ट एकेक आंकडा आहे कीं आंकड्यांची जुडी आहे, याला फारसें महत्त्व नाहीं. नंतरच्या संशोधकांनीं ही संख्या आणखी खालीं, चाराच्या आसपास आणली. बोलणारा मनुष्य याच तोकड्या जागेंत वाक्य जुळवीत असतो. प्रत्येक शब्द सुटा शोधावा लागला तर ती जागा चारपांच शब्दांतच भरते, आणि वाक्य मध्येंच अडखळतें. जुड्या तयार असल्या तर त्याच जागेंत सबंध वाक्य मावतें, आणि काय बोलावें याचा विचार करण्यास मन मोकळें राहतें.

नाम आणि क्रियापद यांच्या जुड्यांत चूक झाली, तर बहुधा ऐकणारा हंसतो आणि अर्थ समजून घेतो. परंतु इंग्रजींत आणखी एक जातीची जुडी आहे, आणि तिच्यांत अर्थाचीच फसगत होते. क्रियापद अगदीं साधें, रोजच्या वापरांतलें. आणि त्याला जोडलेला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘राउंड’ असा एक चिमुकला शब्द. या जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. मराठींत जोडक्रियापद म्हणावें. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढें ढकलणें, ‘पुट आउट’ म्हणजे विझविणें, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणें सोसणें. या तिन्हींतून ‘ठेवणें’ कोठें नाहींसें झालें, याचा शोध घेण्यांत विद्यार्थ्याचा वेळ मात्र जातो.

मराठी माणसाला हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. त्याच्या भाषेंतहि ‘देणें’ आणि ‘देऊन टाकणें’ यांत भेद आहे. टाकण्याच्या क्रियेशीं तेथें कांहीं संबंध नसून, व्यवहार एकदांचा पुरा झाला असा भाव त्यांत आहे. इंग्रजी ‘ईट अप’मधील ‘अप’ हेंच काम करतें. त्याचें मराठी ‘वर खाणें’ असें होत नाहीं, ‘खाऊन टाकणें’ असें होतें. आणि ‘मी त्याला पाहून घेईन’ हें वाक्य तर याचा उत्तम नमुना होय. ज्या परदेशी माणसाला ‘पाहणें’ आणि ‘घेणें’ एवढेंच ठाऊक आहे, त्याला यांत एक निरुपद्रवी भेट दिसेल. घरांतील लहान मुलालाहि त्यांतली धमकी ऐकूं येते.

ही फसगत कोठवर जाऊं शकते, हें पाहण्यासाठीं एक प्रसंग कल्पावा. सांगली जिल्ह्यांतील एक परिचारिका इंग्लंडांतील एका रुग्णालयांत नोकरीस लागली आहे. तिचें शिक्षण इंग्रजींतून झालेलें. वैद्यकाचे मोठमोठे लॅटिन-ग्रीक शब्द ती झोपेंतहि सांगेल. बेशुद्ध पडणें याला ‘फेन्ट’, वांतीला ‘व्हॉमिट’, सूज उतरण्याला आणखी एखादा पुस्तकी शब्द, असें सारें तिला पाठ आहे. पहिल्याच आठवड्यांत रात्रपाळीला दूरध्वनीची घंटा वाजते, आणि पलीकडून एक घाबरलेला मुलगा सांगतो: ‘डॅड पास्ट आउट इन द बाथरूम, बट ही हॅज कम राउंड नाउ.’

यांतील प्रत्येक शब्द तिच्या ओळखीचा आहे. ‘पास’ म्हणजे जाणें अथवा उत्तीर्ण होणें, ‘आउट’ म्हणजे बाहेर, ‘कम’ म्हणजे येणें, ‘राउंड’ म्हणजे गोल. वडील न्हाणीघरांतून बाहेर गेले आणि फिरून आले कीं काय, असा एक अर्थ तिच्या मनांत उभा राहतो. त्याच वेळीं तिला आठवतें कीं ‘पास्ट अवे’ म्हणजे निधन पावला, आणि तिच्या छातींत धस्स होतें. वस्तुतः मुलगा म्हणत होता तें असें: वडील न्हाणीघरांत बेशुद्ध पडले, पण आतां शुद्धीवर आले आहेत. बाहेर जाणें, मरणें आणि बेशुद्ध पडणें या तीन अर्थांमध्यें ती परिचारिका एका चिमुकल्या शब्दावर लोंबकळत राहिली, आणि पुढचा प्रश्न काय विचारावा हें तिला क्षणभर सुचेना. तिच्या शब्दसंग्रहांत उणीव नव्हती. रुग्णाचे नातेवाईक ज्या जुड्यांत बोलतात, त्या जुड्या तिनें कधीं घेतलेल्या नव्हत्या.

आतां हेंच शिकावयाचें झालें तर तें कसें शिकावें, हें एका लहानशा उताऱ्यावरून पाहतां येईल. उतारा आठदहा ओळींहून मोठा नसावा, आणि तो अर्थाच्या दृष्टीनें आधीं पुरा समजलेला असावा. वरील परिचारिकेसाठीं पुढील चार वाक्यें पुरेशीं आहेत. ‘फादर हॅड बीन रनिंग अ टेंपरेचर सिन्स मंडे. ही पुट ऑफ सीइंग द डॉक्टर. ऑन थर्सडे नाइट ही गॉट अप, फेल्ट डिझी अँड पास्ट आउट. ही केम राउंड इन टू मिनिट्स.’

प्रथम पेन्सिल घेऊन क्रियापदें शोधावींत, आणि प्रत्येकाच्या आजूबाजूचा कोणता शब्द त्याला चिकटलेला आहे तें पाहावें. चिकटलेला कीं नुसता शेजारीं उभा, हें ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. शब्दाला शब्द ठेवून मराठी करून पाहावें. मराठी सरळ उतरलें, तर ती जुडी शिकण्याची गरज नाहीं. मराठी वांकडें झालें, तर ती टिपून घ्यावी. ‘सिन्स मंडे’ म्हणजे सोमवारपासून; यांत शिकण्यासारखें विशेष नाहीं. ‘रनिंग अ टेंपरेचर’ याचें ‘तापमान धांवविणें’ असें कांहीं तरी होतें. म्हणून ती जुडी खरी. मराठींत ताप येतो, इंग्रजींत माणूस टेंपरेचर ‘रन’ करतो. ‘फेल्ट डिझी’मध्येंहि असेंच आहे. मराठींत चक्कर ही एक वस्तु आहे आणि ती माणसाकडे येते. इंग्रजींत माणूस स्वतःच ‘डिझी’ होतो. जो विद्यार्थी चक्करीसाठीं इंग्रजी नाम शोधीत बसेल आणि त्याला ‘कम’ जोडील, तो कितीहि शब्द जाणत असला तरी रस्ता चुकणारच. ‘पुट ऑफ’, ‘पास्ट आउट’ आणि ‘केम राउंड’ या तीन जोडक्रियापदांबद्दल तर संशयच नको.

अशा पांच जुड्या निघाल्या. एका बैठकींत याहून अधिक घेऊं नयेत. त्या वहींत उतरतांना डाव्या बाजूस मराठी आणि उजव्या बाजूस इंग्रजी लिहावें. आणि मराठी अर्थ सबंध जुडीचा लिहावा, सुट्या शब्दांचा कधींहि लिहूं नये. ‘पास’ म्हणजे जाणें, ‘आउट’ म्हणजे बाहेर, असें एकदां वहींत उतरलें कीं तें डोळ्यांपुढून हालत नाहीं आणि खऱ्या अर्थाच्या आड येतें. ‘बेशुद्ध पडणें’ याच्या समोर ‘पास आउट’ एवढेंच असावें.

इंग्रजी बाजूस मात्र एक गोष्ट अधिक लिहावी लागते. ज्यावर क्रिया घडते, त्या शब्दाची जागा कोणती, ही ती गोष्ट. तेथें ‘समथिंग’ हा शब्द मांडून ठेवावा, म्हणजे जागा आपोआप स्मरणांत राहते. ‘पुट समथिंग ऑफ’ असें लिहिलें, कीं ‘पुट इट ऑफ’ हें तोंडांत बसतें. येथें मराठी विद्यार्थी हमखास ‘पुट ऑफ इट’ म्हणतो, आणि तें इंग्रज कानाला सहन होत नाहीं. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतें, ‘पुट द मीटिंग ऑफ’ हेंहि चालतें. पण ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ असें सर्वनाम आलें कीं त्याला मध्येंच बसावें लागतें. ‘लुक आफ्टर समवन’, म्हणजे एखाद्याची काळजी घेणें, याची रीति निराळी. तेथें सर्वनामहि शेवटींच येतें, ‘लुक हिम आफ्टर’ असें कधीं होत नाहीं. ‘पास आउट’ आणि ‘कम राउंड’ यांना, वरील अर्थानें, अशा शब्दाची गरजच नाहीं. हे तीन प्रकार नियम म्हणून पाठ करण्याचें कारण नाहीं. जुडी ज्या आकारांत लिहिली, त्याच आकारांत ती मनांत राहते, आणि नियम तिच्याबरोबर फुकट मिळतो.

यानंतरची पायरी तोंडाची आहे. वही मिटून डोळ्यांनीं वाचण्यापेक्षां मोठ्यानें म्हणणें अधिक उपयोगी. कारण या जुड्यांत आघाताला महत्त्व आहे. ‘पुट इट ऑफ’ म्हणतांना जोर ‘ऑफ’वर पडतो. दूरध्वनीवर ‘पास्ट आउट’ ऐकणाऱ्या परिचारिकेला जर ‘आउट’वरील जोर ओळखीचा असता, तर तो चिमुकला शब्द वाक्याचा मुख्य भार वाहतो आहे, हें तिच्या कानानेंच तिला सांगितलें असतें. म्हणून उजवी बाजू हातानें झांकावी, डावीकडील मराठी वाचावें, आणि इंग्रजी जुडी एका दमांत म्हणावी. हीच उजळणी दुसऱ्या दिवशीं, मग तीन दिवसांनीं, मग आठवड्यानें आणि शेवटीं महिन्यानें करावी. एकाच संध्याकाळीं वीस वेळां घोकण्यापेक्षां हीं चार खेपांचीं पांच मिनिटें अधिक टिकतात.

उजळणीच्या वेळीं जुडी थोडी हालवूनहि पाहावी. ‘ही पुट इट ऑफ’ झालें, कीं ‘डोन्ट पुट इट ऑफ’, ‘शी हॅज पुट इट ऑफ अगेन’ अशीं रूपें करावीं. ‘पास आउट’ हें ‘डिड ही पास आउट?’ असें प्रश्नांत घालावें. अखंड शिकावयाचें याचा अर्थ दगडासारखें शिकावयाचें असा नाहीं. जुडींतील कोणता भाग हालतो आणि कोणता हालत नाहीं, हें कळल्यावांचून ती कामाची होत नाहीं. क्रियापद काळाप्रमाणें बदलतें. ‘आउट’ आणि ‘ऑफ’ कधीं बदलत नाहींत. जो विद्यार्थी हें करीत नाहीं, तो ‘यस्टर्डे ही पास आउट’ असें बोलतो, आणि तेव्हां समजावें कीं त्याची जुडी बांधली गेली पण तिच्यावर व्याकरणाचें पाणी पडलें नाहीं.

आठवडा लोटला म्हणजे शेवटची परीक्षा घ्यावी. ही युक्ति फार जुनी आहे. रॉजर ॲशम या इंग्रज विद्वानानें लॅटिन शिकविण्यासाठीं ती सुचविली होती. त्याचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५७० सालीं निघालें. विद्यार्थ्यानें मूळ उताऱ्याचें आपल्या भाषेंत भाषांतर करावें, पुस्तक बाजूस ठेवावें, आणि कांहीं वेळ जाऊं दिल्यावर त्या भाषांतरावरून मूळ भाषेंतील उतारा पुन्हां उभा करावा. मग दोन्ही शेजारीं ठेवून पाहावें. वरील चार वाक्यांचें चांगलें मराठी असें होईल: ‘बाबांना सोमवारपासून ताप येत होता. डॉक्टरांकडे जाणें ते पुढें ढकलीत राहिले. गुरुवारीं रात्रीं ते उठले, त्यांना चक्कर आली आणि ते बेशुद्ध पडले. दोन मिनिटांत ते शुद्धीवर आले.’ आठवड्यानंतर यावरून इंग्रजी करतांना जर लेखणीनें ‘फीव्हर वॉज कमिंग’ आणि ‘ही बिकेम अनकॉन्शस’ असें लिहिलें, तर दोष कोठें आहे तें लगेच कळतें. दुसरें वाक्य चुकीचें नाहीं. परंतु तें पुस्तकांतील आहे, आणि ज्या माणसांशीं तिला बोलावयाचें आहे त्यांचें नाहीं. मूळ उताऱ्याशीं जुळलें नाहीं, अशा ठिकाणीं खूण करून तेवढ्याच जुड्या पुन्हां उजळणींत घ्याव्या.

या मार्गांत एक खळगा आहे, आणि त्यांत पडणारे पुष्कळ. बाजारांतील पुस्तकांत ‘पुट’ या एका क्रियापदाखालीं ‘पुट ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप’, ‘पुट डाउन’ अशी वीसपंचवीस जोडक्रियापदांची माळ दिलेली असते. व्यवस्थितपणाच्या दृष्टीनें ही रचना नामी दिसते. शिकणाऱ्याच्या दृष्टीनें ती घातक होय. एकाच दिवशीं घेतलेल्या, तोंडवळ्यानें सारख्या असलेल्या दहा जुड्या एकमेकींत मिसळतात, आणि बोलण्याच्या वेळीं दिवा ‘पुट ऑफ’ झाला कीं सभा ‘पुट आउट’ झाली, याची खात्री उरत नाहीं. जुळ्या भावंडांची ओळख निरनिराळ्या दिवशीं झाली तर नांवें लक्षांत राहतात, तसेंच हें आहे. म्हणून जुड्या प्रसंगावरून घ्याव्या. आजारपणाच्या एका उताऱ्यांतून चारपांच, प्रवासाच्या दुसऱ्या उताऱ्यांतून चारपांच. त्यांत ‘पुट’ एकदांच आलें तर बरें.

कोशाचा उपयोगहि थोडा उलटा करावा लागतो. चूक या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला कोणतें क्रियापद लागतें हें पाहावयाचें असेल, तर ‘डू’ किंवा ‘मेक’ यांच्या लांबलचक नोंदी चाळून उपयोग नाहीं. नामाची नोंद काढावी. ‘मिस्टेक’खालीं उदाहरणें पाहिलीं कीं ‘मेक’ तेथें बसलेलें दिसतें. कारण बोलणाऱ्याच्या मनांत आधीं नाम येतें आणि तें आपल्याला हवें तें क्रियापद बोलावून घेतें. आजच्या विद्यार्थी-कोशांत हीं उदाहरणें मुद्दाम दिलेलीं असतात, आणि केवळ अशा सोबतीच नोंदणारे स्वतंत्र कोशहि निघाले आहेत. ऑक्सफर्डचा तसा कोश २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला.

या पद्धतीची मर्यादाहि सांगितली पाहिजे. चमचा, खिडकी, जिना, गुडघा असे वस्तूंचे शब्द सुटे शिकण्यांत कांहीं तोटा नाहीं. ज्याला ते येत नाहींत त्यानें जुड्यांच्या मागें लागूं नये. ‘बाय अ बुक’, ‘रीड अ बुक’ अशा मोकळ्या जोड्या तर मराठीवरून सरळ जुळतात, त्यांनीं वही भरूं नये. आणि कोणती जुडी कोठें शोभते, याचा विवेक ठेवावा लागतो. वांतीला रुग्ण ‘थ्रो अप’ म्हणतो. परिचारिकेनें तें ऐकून समजावें, परंतु रुग्णाच्या नोंदपत्रकांत ‘व्हॉमिट’ हाच शब्द लिहावा. घरगुती जुडी कागदावर आणि कागदी शब्द रुग्णाच्या उशाशीं, दोन्ही अस्थानीं होत.

त्या रात्रीच्या दूरध्वनीकडे आतां पुन्हां वळावें. तीच परिचारिका, तोच घाबरलेला मुलगा. परंतु मध्यें कांहीं महिने गेले आहेत आणि तिच्या वहींत शंभरएक जुड्या बसल्या आहेत. ‘डॅड पास्ट आउट’ हे शब्द कानीं पडतांच तिला जाणें, बाहेर, न्हाणीघर यांचा हिशेब करावा लागत नाहीं. ‘बेशुद्ध पडले’ हा अर्थ एकदमच उभा राहतो. ‘कम राउंड’ ऐकून ते शुद्धीवर आहेत हें कळतें. वाक्य समजून घेण्यांत जो वेळ जात होता, तो आतां मोकळा झाला, आणि त्या वेळांत ती जें विचारावयास हवें तें विचारते: किती वेळ शुद्ध नव्हती, पडतांना डोक्याला मार लागला काय, छातींत दुखतें काय. थंडी वाजते म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला हें जें सहज मिळालें, तें तिनें वहीच्या दोन बाजू आणि थोडी चिकाटी यांच्या बळावर मिळविलें.